वर्ष, खंड आणि पाने: लांबलचक संदर्भसूचीतल्या चुका स्प्रेडशीटने कशा सापडतात

संदर्भसूचीतल्या प्रत्येक नोंदीत लेखकाचे नाव आणि लेखाचे शीर्षक यांच्यामागून चार आकडे येतात: वर्ष, खंड, अंक आणि पाने. शीर्षकात एखादे अक्षर चुकले तर वाचणाऱ्याला ते खटकते. आकडा चुकला तर खटकत नाही, कारण `1971` जितका खरा दिसतो तितकाच `1917`ही दिसतो. हजार-दोन हजार नोंदींची यादी अनेकांनी मिळून, अनेक वर्षे, वेगवेगळ्या प्रबंधांतून आणि पुस्तकांतून उतरवलेली असली की असे आकडे शेकड्यांनी साठतात. एकेक ओळ वाचून ते हाती लागत नाहीत. मात्र हे आकडे एकमेकांशी बांधलेले असतात. नियतकालिकाचा खंड वर्षाबरोबर पुढे जातो, शेवटचे पान पहिल्या पानाच्या आधी येत नाही आणि खंडभर सलग पृष्ठांकन असेल तर पुढच्या अंकातली पाने मागच्या अंकापेक्षा मोठीच असतात. स्प्रेडशीटला लेखातले काही कळत नसले तरी ही बांधणी कुठे तुटली आहे ते ती अचूक दाखवते.

मुंबईहून निघणाऱ्या ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’ या साप्ताहिकाच्या नोंदी हे त्याचे चांगले उदाहरण आहे. पहिला अंक ऑगस्ट १९६६मध्ये निघाला आणि १९६७ साली दुसरा खंड सुरू झाला. तेव्हापासून वर्षाला एक खंड हा क्रम चालू आहे. म्हणजे वर्षातून खंड वजा केला की उत्तर नेहमी १९६५ यायला हवे. वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांचा भारतातील दारिद्र्यावरचा गाजलेला अभ्यास या साप्ताहिकात जानेवारी १९७१मध्ये दोन भागांत आला. खंड ६, अंक १मध्ये पाने २५ ते ४८ आणि अंक २मध्ये पाने १०६ ते १४६. अर्थशास्त्राच्या असंख्य संदर्भसूच्यांत ही नोंद असते. ती किती तऱ्हांनी लिहिली जाऊ शकते हे पाहिले की तपासणीचे बहुतेक सगळे प्रश्न समोर येतात.

यादी अशी मांडलेली आहे असे समजू: A रकान्यात अनुक्रमांक, B मध्ये लेखक, C मध्ये शीर्षक, D मध्ये वर्ष, E मध्ये खंड, F मध्ये अंक आणि G मध्ये पाने. अनुक्रमांकाचा रकाना मूळ यादीत नसेल तर तो सर्वांत आधी घालावा आणि १ पासून शेवटपर्यंत आकडे भरून ठेवावेत. पुढे यादी अनेकदा उलटसुलट लावायची असते आणि मूळ क्रम परत मिळवण्याचा तो एकच खात्रीचा मार्ग आहे. दुसरी काळजी याहून मोठी. फक्त वर्षाचा रकाना निवडून सॉर्ट केले तर वर्षे हलतात आणि बाकीच्या ओळी जागेवरच राहतात. मग प्रत्येक लेखाला भलत्याच लेखाचे वर्ष चिकटते आणि तरीही यादी वरवर व्यवस्थित दिसते. अशा वेळी एक्सेल विचारते, तेव्हा `Expand the selection` हाच पर्याय घ्यावा. खरे तर आधीच सगळा तक्ता निवडलेला बरा.

पहिली तपासणी नुसत्या सॉर्टने होते. वर्षाच्या रकान्यावर चढत्या क्रमाने यादी लावली की एक्सेल आधी आकडे ठेवते, मग मजकूर, मग चूक दाखवणाऱ्या सेल आणि सर्वांत शेवटी रिकाम्या सेल. त्यामुळे गडबड दोन्ही टोकांना गोळा होते. वरच्या टोकाला `71` असे दोन आकडी वर्ष आणि `1917` सारखे अशक्य वर्ष येते. या साप्ताहिकाच्या यादीत १९६६च्या आधीचे कोणतेही वर्ष चूकच असणार. खालच्या टोकाला `1971a`, `[1971]`, `1971-72` असा मजकूर आणि त्याखाली वर्षच नसलेल्या ओळी येतात. मजकूर म्हणून साठलेले साधे `1971`सुद्धा तिथेच सापडते, पण त्यासाठी सॉर्ट करताना एक्सेल जो प्रश्न विचारते त्याला `Sort numbers and numbers stored as text separately` हे उत्तर द्यायला हवे. दुसरे उत्तर दिले तर मजकुरातली वर्षे खऱ्या आकड्यांत मिसळून जातात आणि दिसत नाहीत.

मराठी नियतकालिकांच्या यादीत या टप्प्यावर आणखी एक गोष्ट डोळ्यांखालून घालावी लागते. जुन्या मासिकांवर शकाचे वर्ष छापलेले असे. शके १८९३ची नोंद करताना ‘शके’ गळून पडले तर उरते `1893`, आणि ते इसवी सन म्हणून सहज खपून जाते. शकात ७८ मिळवले की इसवी सन मिळतो, जानेवारीपासून पाडव्यापर्यंतच्या काळासाठी ७९ मिळवावे लागतात. मासिक १९२०नंतर सुरू झालेले असेल तर अशी वर्षे सॉर्टच्या वरच्या टोकाला उघडी पडतात. मासिक जुने असेल तर ती मधेच लपून राहतात आणि खंडाशी ताडून पाहिल्यावरच बाहेर येतात.

म्हणून दुसरी तपासणी वर्ष आणि खंड यांच्या नात्याची. त्याआधी खंड एका रूपात आणावा लागतो. या साप्ताहिकाच्या जुन्या अंकांवर खंड रोमन अंकांत असल्यामुळे यादीत एकीकडे `6` आणि दुसरीकडे `VI` अशी सरमिसळ असते. रोमन अंक ओळखणारे `ARABIC` हे फंक्शन एक्सेल, गुगल शीट्स आणि लिब्रेऑफिस या तिन्हींत आहे. H रकान्यात खंडाचा साधा आकडा आणि I रकान्यात फरक असे दोन फॉर्म्युले पुरतात:

```
H2: =IF(ISNUMBER(E2),E2,IFERROR(VALUE(E2),ARABIC(E2)))
I2: =VALUE(LEFT(TRIM(D2),4))-H2
```

दुसऱ्या फॉर्म्युल्यात वर्षाची पहिली चार अक्षरेच घेतली आहेत, म्हणजे `1971a` सारखी रीतसर नोंद उगाच चुकीत जमा होत नाही. आता I रकान्यावर सॉर्ट केले की १९६५ असलेल्या ओळींचा एक मोठा गठ्ठा मधे राहतो आणि न जुळणाऱ्या ओळी त्याच्या वर-खाली येतात. नुसत्या फरकावरूनही चुकीची जात बरेचदा ओळखता येते. दांडेकर-रथ यांच्याच नोंदीत फरक १९६४ किंवा १९६६ आला तर वर्ष किंवा खंड एकाने चुकला आहे. १९५५ आला तर दहाचा घोळ, म्हणजे खंड `16` पडला असेल किंवा वर्ष `1961`. १९७१ आला तर खंडाची जागा रिकामी आहे, कारण रिकामी सेल शून्य धरली जाते. ही शेवटची नोंद चूक असेलच असे नाही. हा अभ्यास पुस्तकरूपातही १९७१मध्येच आला, आणि पुस्तकाला खंड कुठून असणार? आणि फरक १९७० आला तर बहुधा खंड आणि अंक यांची अदलाबदल झाली आहे: खंड ६, अंक १ याऐवजी खंड १, अंक ६. वर्षातून F मधला आकडा वजा करून १९६५ येतो का हे पाहिले की हा संशय लगेच फिटतो.

हिशेबनिसांचा एक जुना नियम इथे फार उपयोगी पडतो. शेजारचे दोन आकडे उलटे लिहिले गेले तर खऱ्या आणि चुकीच्या संख्येतल्या फरकाला ९ने पूर्ण भाग जातो. `1971`चे `1917` झाले की फरक ५४ पडतो. `1977`च्या नोंदीत खंड `12`ऐवजी `21` पडला तर I रकान्यात १९५६ येते, म्हणजे १९६५पेक्षा ९ कमी. म्हणून १९६५पासूनचे अंतर ९, १८, २७, ५४ असे असेल तर आधी आकड्यांची उलटापालट तपासावी. तो पुरावा नव्हे, कुठे पाहायचे याची खूण आहे.

यादीत अनेक नियतकालिके असतील तर प्रत्येकाचा फरक वेगळा असतो आणि तो आधीपासून माहीत असेलच असे नाही. तेव्हा नियतकालिकाच्या नावाचा एक रकाना लागतो. तो Q आहे असे धरले तर पुढचा फॉर्म्युला त्या नियतकालिकाच्या किती नोंदींत हाच फरक आहे ते मोजतो:

```
=COUNTIFS(Q:Q,Q2,I:I,I2)
```

एखाद्या नियतकालिकाच्या ऐंशी नोंदींत एकच फरक येत असेल आणि दोन नोंदींत वेगळा, तर त्या दोन आधी पाहाव्यात. पण ही पद्धत जिथे वर्षाला एकच खंड आहे तिथेच चालते. ‘नेचर’सारख्या साप्ताहिकाचे एका वर्षात अनेक खंड निघतात आणि तिथे फरक कधीच स्थिर राहत नाही. जी मासिके मधे काही काळ बंद पडून पुन्हा निघाली त्यांचा फरक एका ठिकाणी उडी मारतो. अशा वेळी यादी वर्षावर सॉर्ट करून उडी एकदाच आणि एकाच जागी आहे का हे पाहावे. एकदाच असेल तर तो मासिकाचा इतिहास आहे. पुन्हापुन्हा मागेपुढे होत असेल तर नोंदींचा गोंधळ.

पानांचा रकाना सर्वांत त्रासदायक, आणि तिथली पहिली चूक माणसाची नसते. एक्सेलमध्ये `10-12` असे टाइप केले की ते पाने १० ते १२ न राहता १० डिसेंबर ही तारीख बनते. सेलमध्ये `10-Dec` दिसते आणि आत चालू वर्षाच्या तारखेचा क्रमांक साठतो, २०२४ साली लिहिले असेल तर ४५६३६. संगणकाची भाषा-प्रदेशाची मांडणी अमेरिकी असेल तर तीच नोंद १२ ऑक्टोबर होते. `5-48`चे मे १९४८ होते. अंकाच्या रकान्यातही हाच धोका असतो. या साप्ताहिकाच्या वार्षिक विशेषांकाला त्या काळी `3-4-5` असा जोडक्रमांक असे आणि एक्सेल त्याची ३ एप्रिल २००५ करून टाकते. एकदा तारीख झाली की रकान्याचे रूप बदलून उपयोग होत नाही. तसे केल्यावर `45636`सारखा आकडा मिळतो, मूळ पाने मिळत नाहीत. रकाना आधीच `Text` करून मगच नोंदी भरणे किंवा आणणे हा खरा उपाय. आधीच बिघडलेल्या ओळी शोधायला हे पुरते:

```
=AND(ISNUMBER(G2),G2>10000)
```

एकच पान असलेली `45` सारखी नोंदही आकडाच असते, म्हणून नुसते `ISNUMBER` भागत नाही. दहा हजारांच्या वरचे पान या यादीत असू शकत नाही, तारखांचे क्रमांक मात्र त्यापुढचेच पडतात. सापडलेल्या ओळीत तारखेवरून पाने बहुधा परत मिळतात, पण ती फाइल कोणत्या मांडणीच्या संगणकावर भरली गेली हे ठाऊक नसेल तर १०-१२ की १२-१० हे ठरवता येत नाही. सुदैवाने शेवटचे पान पहिल्यापेक्षा लहान नसते, त्यामुळे बहुतेक वेळा एकच अर्थ शक्य असतो.

तारखा निस्तरल्यावर पानांचे पहिले आणि शेवटचे असे दोन आकडे वेगळे करायचे. मधली आडवी रेघ कुणी छोटी वापरलेली असते, कुणी लांब, आणि कुणी तिच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा सोडलेली असते. वेबवरून आणलेल्या नोंदींत न तुटणारी मोकळी जागा असते आणि ती `TRIM`ने निघत नाही. K रकान्यात हे सगळे एकसारखे करून घेतले की L मध्ये पहिले पान आणि M मध्ये शेवटचे पान काढता येते:

```
K2: =SUBSTITUTE(SUBSTITUTE(SUBSTITUTE(SUBSTITUTE(G2,
    UNICHAR(8211),"-"),UNICHAR(8212),"-"),
    UNICHAR(160),"")," ","")
L2: =VALUE(LEFT(K2,FIND("-",K2&"-")-1))
M2: =IF(ISNUMBER(FIND("-",K2)),VALUE(MID(K2,FIND("-",K2)+1,20)),L2)
```

इथे `IFERROR` लावून चुकीच्या सेल झाकण्याचा मोह टाळावा. `25-48,106-146` ही दोन भागांची नोंद एकाच सेलमध्ये असेल तर M मध्ये `#VALUE!` येते, आणि तेच हवे असते. अशा ओळी सॉर्ट करताना एकत्र खाली जातात आणि मग प्रत्येक भागाची स्वतंत्र ओळ करता येते. या लेखाच्या बाबतीत तसे करणे भागच आहे, कारण दोन भाग दोन वेगळ्या अंकांत आहेत.

आता M मधले पान L पेक्षा लहान असलेल्या ओळी पाहाव्यात. त्यांतल्या बऱ्याच चुका नसतात. `1173-81` ही संक्षिप्त रीत आहे, तिचा अर्थ ११७३ ते ११८१. असे आकडे पूर्ण करणारा फॉर्म्युला N रकान्यात:

```
N2: =IF(M2<L2,VALUE(LEFT(L2,LEN(L2)-LEN(M2))&M2),M2)
```

पहिल्या पानाचे सुरुवातीचे आकडे उसने घेऊन तो शेवटचे पान पुरे करतो. त्यानंतरही N हा L पेक्षा लहान राहिला तर ती खरी चूक किंवा निदान खरा प्रश्न. `148-125` मध्ये पाने उलटी पडली आहेत. `1298-05` चा फॉर्म्युल्याने १२९५ केला आणि तो अडकला, तिथे लिहिणाऱ्याच्या मनात बहुधा १३०५ होते.

मात्र हीच सोय एक चूक लपवते. दांडेकर-रथ यांच्या दुसऱ्या भागाची पाने `106-146`. उतरवताना शेवटचा ६ सुटला तर उरते `106-14`, आणि फॉर्म्युला त्याचे बिनतक्रार १०६ ते ११४ करतो. एकेचाळीस पानांचा लेख नऊ पानांचा होतो आणि नऊ पाने साप्ताहिकाच्या लेखाला अगदी शोभून दिसतात. म्हणून N ने बदललेल्या सर्व ओळी, म्हणजे M पेक्षा N वेगळा असलेल्या, फिल्टर करून निदान नजरेखालून घालाव्यात. त्या लेखाची नोंद यादीत दुसऱ्या कुठून पुन्हा आली असेल तर दोन्ही शेजारी ठेवून पाहावीत.

पानांची संख्या हीही एक चाचणी आहे. O रकान्यात `=N2-L2+1` लिहून उतरत्या क्रमाने सॉर्ट केले की सर्वांत लांब लेख वर येतात. `25-48` चे `25-148` झाले असेल तर १२४ पानांचा लेख यादीच्या माथ्यावर दिसतो. साप्ताहिकात असा लेख जवळजवळ असंभव. पण दांडेकर-रथ यांचा ४१ पानांचा भागही त्याच्या आसपासच येईल आणि तो खरा आहे. म्हणून इतक्या पानांपुढचे सगळे चूक अशी रेघ ओढू नये. वरच्या वीस-पंचवीस ओळी माणसाने पाहायच्या असतात.

शेवटची तपासणी सर्वांत प्रभावी आहे, कारण ती खंड, अंक आणि पाने तिन्ही एकदम ताडते. या साप्ताहिकाच्या जुन्या खंडांत पाने वर्षभर सलग मोजली जात. म्हणूनच अंक १मधला लेख पान २५वर सुरू होतो आणि लगेच पुढच्या आठवड्यातल्या अंक २मधला पान १०६वर. यासाठी अंकाचा पहिला आकडा J रकान्यात घ्यायचा, म्हणजे `3-4-5` असा जोड अंकही योग्य जागी बसतो. मग यादी आधी H, मग J, मग L या क्रमाने सॉर्ट करायची आणि तिसऱ्या ओळीपासून खाली असे लिहायचे:

```
J2: =IF(ISNUMBER(F2),F2,VALUE(LEFT(F2,FIND("-",F2&"-")-1)))
P3: =IF(AND(H3=H2,L3<N2),"तपासा","")
```

लेख अंक २मध्ये टाकलेला आहे, पण पाने ३१ ते ३५ लिहिली आहेत, असे झाले की इथे ‘तपासा’ उमटते. एका पानावर एक लेख संपून दुसरा सुरू होऊ शकतो, म्हणून तुलनेत ‘पेक्षा कमी’ इतकेच ठेवले आहे, बरोबरी चालते. चूक नेहमी खूण असलेल्याच ओळीत असते असे मात्र नाही. आधीच्या ओळीतले शेवटचे पान फुगलेले असेल तरी खूण पुढच्या ओळीवर पडते, म्हणून दोन्ही पाहाव्यात. P चा फॉर्म्युला शेजारच्या ओळीवर अवलंबून असल्याने यादी पुन्हा सॉर्ट केली की त्याची उत्तरे बिघडतात. त्याआधी रकाना कॉपी करून `Paste Special` मधून `Values` म्हणून चिकटवून ठेवावा. अलीकडच्या अंकांत प्रत्येक अंकाची पाने १पासून सुरू होतात. त्या खंडांवर ही तपासणी लावली तर पानोपानी खोट्या खुणा येतील, तेव्हा ती सलग पृष्ठांकनाच्या वर्षांपुरतीच चालवावी.

वर्ष आणि खंड जुळत नसतील तेव्हा दोघांपैकी कोण खरे हेही या क्रमावरून बरेचदा कळते. `1972`, खंड `6`, अंक `2`, पाने `106-146` अशी नोंद खंड ६च्या इतर नोंदींत बेमालूम बसत असेल, तर वर्ष चुकले असण्याची शक्यता जास्त. तरी दुरुस्ती मूळ रकान्यावर करू नये. शेजारी ‘दुरुस्त’ असा नवा रकाना करून त्यात भरावी आणि कशावरून केली ते एका शब्दात नोंदवावे: अंक पाहिला, अनुक्रमणिका पाहिली की नुसता अंदाज. एकाच फरकाच्या पन्नास ओळी दिसल्या म्हणून एका फॉर्म्युल्याने सगळ्यांची वर्षे बदलणे धोक्याचे, कारण सारखा फरक वेगवेगळ्या चुकांतून येऊ शकतो.

या सगळ्या चाळण्यांतून एक जात सुटतेच. वर्ष `1972` आणि खंड `7` असे दोन्ही एकदम चुकले तर फरक १९६५च येतो, अंक १मधली पाने २५ ते ४८ त्या खंडातही शक्य असतात आणि कुठेही खूण उमटत नाही. आकडे आपापसांत जुळतात एवढेच स्प्रेडशीट सांगू शकते. ते अंकाशी जुळतात का हे पाहायला अंकच उघडावा लागतो, किंवा तोच लेख यादीत दोनदा वेगळ्या वर्षांनी आला असेल तर शीर्षकावर सॉर्ट केल्यावर त्या दोन ओळी शेजारी येतात आणि मतभेद दिसतो.